तिसरा भिडू

वेंगुर्ला, रात्रीचे साडेबारा

आज मित्राच्या लग्नानंतरच्या पूजेच्या संध्याकाळी, त्याच्या अंगणातल्या मांडवात, आम्हा कॉलेजच्या नऊ जणांच्या वतीने आहेर देताना मी दोन मिनिटं बोलले. झोप येत नाहीये, म्हणून लिहून ठेवते.

आहेर ठरला तेव्हाच बोलणं अर्धं ठरलं होतं. आम्ही सावंतवाडीच्या राजवाड्यातून दशावतारी गंजिफांचा संच आणला. गोल, हाताने रंगवलेली पानं, वर लाखेची चमक. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण 120. मिक्सर दिला असता तर त्याबद्दल कुणाला काही सांगावं लागलं नसतं. पण ही पेटी नुसती हातात ठेवली असती, तर मागच्या रांगेतल्या मावश्यांना वाटलं असतं, पोरांनी लग्नात पत्ते कसले दिले!

पहिला खर्डा पावणेचार मिनिटांचा झाला. त्यात हॉस्टेलचे तीन किस्से आणि नऊही जणांची नावं होती. परवा आई नारळ खवत होती, तिला वाचून दाखवला. तिने विळी थांबवली आणि विचारलं, "सगळं त्याचंच आहे. नवरी कुठाय यात?" खरंच नव्हती. जिच्या घरी ही पेटी राहणार, तिचा त्यात उल्लेखसुद्धा नाही! शिवाय ते किस्से आम्हा नऊ जणांनाच कळणारे होते. बाकीच्या मांडवाने नुसतं आमच्या हसण्याकडे बघत बसायचं. तिन्ही काढले. नावंही काढली, ती पेटीतल्या चिठ्ठीवर लिहिली. माणूस माइकवर नावं वाचायला लागला की लोक ऐकायचं सोडून जेवणाच्या पंगतीकडे बघतात, हे मी किती लग्नांत पाहिलंय.

मग उरलं काय, तर तो खेळच. त्याचे नियम पुन्हा वाचताना मला जे हवं होतं ते सापडलं. शेवटी बोलले ते असं:

"मंडळी, नमस्कार. आम्ही याचे कॉलेजचे नऊ मित्रमैत्रिणी. ही सावंतवाडीची गंजिफा आहे. यात निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा. म्हणजे एका रंगात जे पान सगळ्यात लहान, तेच दुसऱ्या रंगात भारी. वहिनी, तुम्ही या घरात नव्या आहात. इथे कधी तुमचं पान भारी पडेल, कधी त्याचं. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडतो, रात्री कृष्णाच्या. आत्ता रात्र आहे, म्हणून हे पान तुमच्या हातात. आणि एक सांगते. हा खेळ दोघांचा नाही. तिघं बसतात, प्रत्येकाला चाळीस पानं. तिसरा भिडू लागला की आम्हाला हाक मारा. नऊ जण आहोत, कुणीतरी येईलच."

घड्याळात दीड मिनिट. "वहिनी"वर तिने मान वर केली, तेव्हाच मला कळलं की आईचं बरोबर होतं.

देण्याचीही तयारी केली होती. एका हातात माइक आणि दुसऱ्या हाताने आहेर, हे मला बरं वाटत नाही. आहेर दोन्ही हातांनीच द्यावा. म्हणून पेटी मैत्रिणीकडे होती, वर कागद गुंडाळला नव्हता, आणि कृष्णाचा राजा आधीच वर काढून ठेवला होता. ते पान तेवढं मैत्रिणीनेच "तुमच्या हातात" म्हणताना नवरीला दिलं. बोलून झाल्यावर माइक स्टँडला लावला, मग पेटी घेऊन दोघांपुढे धरली. साउंडवाल्या दादांना आधीच सांगितलं होतं, पेटी त्यांच्या हातात जाईपर्यंत गाणं लावू नका. त्यांनी थांबवलं, म्हणून शेवटचं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

एक गोष्ट मात्र राहिली. पेटी कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात ओल लागू देऊ नका, हे माइकवर सांगायचं होतं, ते विसरले. नंतर नवरीला बाजूला घेऊन सांगितलं. ती पान दिव्याखाली तिरकं धरून बघत होती. कृष्णाच्या पितांबराच्या कडेला एका केसाएवढी रेघ होती, तिच्यावरून बोट न टेकवता फिरवत होती.

पंगत उठल्यावर त्याच्या आजीने मला खुर्चीजवळ बोलावलं. हात धरून म्हणाली, "बरा बोललंस गो चेडवा. माका सगळा समाजला." मग पेटीकडे बघून नातसुनेला म्हणाली, "तिसऱ्याक मी आसंय. माका शिकव."

मी निघाले तेव्हा ओटीवर चटई टाकून तिघं बसली होती. नवरी चाळीस-चाळीस पानं मोजून वाटत होती आणि आजीने चष्मा पुसायला घेतला होता.