एवढासा ‘ल’

“‘इन्न’ म्हणजे खरोखर आणि ‘ल’ म्हणजेही खरोखर. मग एकाच वाक्यात दोन्ही कशाला? अरबीत हा नुसता भरणा आहे का?”

अरबी शिकणाऱ्याचा हा प्रश्न जुनाच आहे. नवव्या शतकातला तत्त्वज्ञ अल्-किंदी याचीही हीच तक्रार होती. अरबी भाषेचा अभ्यासक अल्-जुर्जानी याने ती हकीकत आपल्या ‘दलाइल अल्-इअजाज’ या ग्रंथात नोंदवली आहे. अल्-किंदी अबुल अब्बास नावाच्या व्याकरणकाराकडे गेला आणि त्याने तीन वाक्यं पुढे ठेवली: ‘अब्दुल्लाहि काइमुन’, ‘इन्न अब्दल्लाहि काइमुन’, ‘इन्न अब्दल्लाहि लकाइमुन’. तिन्हींचा अर्थ ‘अब्दुल्ला उभा आहे’ एवढाच, तर शब्द का वाढवायचे, असं त्याचं म्हणणं. व्याकरणकाराने सांगितलं की अर्थ तीन वेगळे आहेत. पहिलं वाक्य नुसती बातमी देतं, दुसरं कुणी विचारलं त्याचं उत्तर असतं आणि तिसरं कुणी नाकारलं त्याचं.

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं, कारण त्यात बोलणाऱ्याआधी ऐकणाऱ्याचा विचार आहे. समोरच्याच्या मनात काहीच नसेल तर साधं वाक्य पुरतं. त्याला शंका असेल तर ‘इन्न’ येतो. तो ‘छे, शक्यच नाही’ म्हणाला असेल तर ‘इन्न’च्या जोडीला ‘ल’ येतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर शपथ.

हे घडताना बघायचं असेल तर कुराणातली यासीन ही 36वी सूरा उघडा. एका गावात दूत येतात. दोघांना लोक खोटं ठरवतात, म्हणून तिसरा येतो. ते म्हणतात, “इन्ना इलैकुम मुर्सलून”, आम्हाला तुमच्याकडे पाठवलं आहे. ही 14वी आयत. गावकरी आणखी ताठर होतात: तुम्ही आमच्यासारखीच माणसं, तुम्ही खोटंच बोलताय. मग 16व्या आयतीत दूत तेच वाक्य पुन्हा म्हणतात, पण आता ते “इन्ना इलैकुम लमुर्सलून” असं होतं, आणि त्याआधी “रब्बुना यअलमु”, आमचा प्रभू जाणतो, हे शपथेसारखे शब्द येतात. दोन आयतींच्या मध्ये फक्त नकार वाढला आहे, आणि जेवढा नकार वाढला तेवढं वाक्य वाढलं आहे.

आपला ‘च’ इथे आठवतो, आणि मीही वर्गात ‘आम्हाला पाठवलंच आहे’ असं भाषांतर करतो. पण सांभाळून. ‘अब्दुल्लाच उभा आहे’ म्हटलं की बाकीचे उभे नाहीत असं होतं. लाम, म्हणजे हा ‘ल’, असं कुणालाही वगळत नाही. तो मुळात वाक्याच्या सुरुवातीचा, ‘लज़ैदुन काइमुन’ असा. ‘इन्न’ आला की जोर देणारे दोघे शेजारी चालत नाहीत, म्हणून लाम पुढे सरकून विधेयाला चिकटतो: ‘इन्न ज़ैदन लकाइमुन’. अरबी व्याकरणात त्याला ‘मुज़हलका’, म्हणजे घसरलेला, म्हणतात. जागा बदलली तरी जोर सगळ्या विधानालाच मिळतो.

शपथेत मात्र लाम गाळला तर अर्थच उलटतो. शिकत असताना मी एकदा माझ्या शिक्षकांना ‘वल्लाहि अक्तुबु इलैक’ असं लिहून दिलं. मला म्हणायचं होतं, देवाशपथ तुम्हाला पत्र लिहीन. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “का रे, लिहिणार का नाहीस?” शपथेनंतर पुढे करायची गोष्ट होकारार्थी सांगायची तर क्रियापदाला आधी ‘ल’ आणि शेवटी दुहेरी नून, म्हणजे ‘न्न’, लागतो: ‘वल्लाहि लअक्तुबन्न’. नकारार्थी शपथेत हे दोन्ही नसतात: ‘वल्लाहि ला अक्तुबु’. हा ‘ला’ दीर्घ आणि त्याचा अर्थ ‘नाही’. देवनागरीत लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मी म्हणूनच काना तपासायला लावतो: ऱ्हस्व ‘ल’ वचन देतो, दीर्घ ‘ला’ नाकारतो.

आता होकाराच्या शपथेला ‘ल’ आणि नून हवेतच, म्हटल्यावर ते दोन्ही दिसले नाहीत की ऐकणारा नकारच धरतो, ‘ला’ उच्चारला नसला तरी. माझ्या वाक्यात नेमकं हेच झालं होतं. शिक्षकांनी मला चूक दुरुस्त करून दिली नाही, यूसुफ सूरेची 85वी आयत वाचायला सांगितली. यूसुफ हरवून कितीतरी वर्षं लोटली आहेत, याकूब अजून त्याच्यासाठी झुरतो आहे, आणि बाकीची मुलं बापाला म्हणतात, “तल्लाहि तफ्तउ तज़्कुरु यूसुफ”. शब्दाला शब्द लावला तर ‘देवाशपथ, तुम्ही यूसुफची आठवण काढायचं थांबवता’ असं होईल. पण तिथे लाम नाही, नूनही नाही. न लिहिलेला ‘ला’ वाचणारा आपणच भरतो: देवाशपथ, तुम्ही त्याची आठवण काढायचं काही थांबवणार नाही.