ओळी वाढल्या आणि रक्कम घटली

"ताई, शेवटी एकूण रक्कम जुळली की झालं ना? मग दर पायरीला ओळी आणि बेरीज कशाला मोजत बसता?"

एकदा मोजल्या नव्हत्या, आणि सियागंजातल्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. महिन्याच्या खरेदीवर ठरलेली सूट त्यांना मिळाली नव्हती. माल ते दर आठवड्याला उचलत होते, बिलं त्यांच्या हातात होती, पण आमच्या सुटीच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. ती यादी मी बनवली होती.

तेव्हा मी इंदूरमधल्या एका किराणा वितरकाचं डेटाचं काम बघत होते. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून महिन्याच्या विक्रीची फाइल यायची. बिलातल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ. त्यातून रद्द झालेली बिलं बाजूला काढायची, मग दुकानांच्या मास्टर यादीशी जॉइन करून प्रत्येक ओळीला दुकानाचं नाव आणि सेल्समनची बीट लावायची, आणि शेवटी बीटवार व दुकानवार बेरजा काढायच्या. त्या बेरजांवर दुकानदाराची सूट आणि सेल्समनचा इन्सेंटिव्ह ठरायचा. मालकांनी शेवटचा आकडा पाहिला, २ कोटी ३० लाखांच्या आसपास. मागच्या महिन्यासारखाच दिसत होता, म्हणून यादी पुढे गेली.

फोन आल्यावर मी पहिल्या फाइलपासून सगळं पुन्हा चालवलं. या वेळी प्रत्येक पायरीनंतर दोनच गोष्टी लिहून काढल्या, किती ओळी आणि किती रुपये.

```
01_read     18911   23449015.50
02_cancel     271     302140.00
02_keep     18640   23146875.50
03_shop     18652   22993495.50
```

पहिल्या ओळीतले आकडे बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या विक्री रजिस्टरशी पडताळले, ते पैशापर्यंत जुळले. ही पडताळणी फाइलच्या बाहेरच्या आकड्याशीच करावी लागते. फाइल अर्धवट उतरली असेल तर तिची तिच्याशीच तुलना करून काय कळणार? दुसरी पायरीही बरोबर होती. ठेवलेल्या १८,६४० ओळी आणि काढलेल्या २७१ मिळून १८,९११ होतात, आणि रकमाही तशाच जुळतात. म्हणून गाळलेल्या ओळी मी कधी नुसत्या टाकून देत नाही. त्या वेगळ्या टेबलात कारणासह जातात आणि त्यांचीही बेरीज घेतली जाते. आत आलेलं बरोबर पुढे गेलेलं अधिक बाजूला काढलेलं, हा हिशेब प्रत्येक गाळणीला लागू आहे.

तिसऱ्या पायरीवर मी थांबले. मास्टर यादी लावल्याने विक्रीची ओळ वाढायला नको आणि कमीही व्हायला नको. इथे १२ ओळी वाढल्या होत्या, आणि रक्कम मात्र १,५३,३८० रुपयांनी घटली होती. विक्रीच्या ओळी नुसत्या दुबार झाल्या असत्या तर रक्कमही वाढली असती. नुसत्या गळल्या असत्या तर ओळीही कमी झाल्या असत्या. दोन्ही आकडे उलट्या दिशेला गेले म्हणजे दोन वेगळ्या चुका एकाच जॉइनमध्ये बसल्या होत्या, आणि १२ हा आकडा त्यांची फक्त वजाबाकी होती.

म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. आधी हा, की मास्टर यादीत एखादा दुकान कोड दोनदा आहे का?

```sql
SELECT shop_code, COUNT(*)
FROM shop_master
GROUP BY shop_code
HAVING COUNT(*) > 1;
```

तीन कोड निघाले. अन्नपूर्णा आणि राजेंद्रनगर या दोन बीटांच्या हद्दी त्याच महिन्यात बदलल्या होत्या. तीन दुकानं इकडून तिकडे गेली, नवीन नोंदी झाल्या, पण जुन्या तशाच राहिल्या. त्या दुकानांच्या महिन्याभरातल्या ९६ विक्री-ओळींना प्रत्येकी दोन जोडीदार मिळाले, म्हणजे ९६ ओळी आणि ६१,३८० रुपये जास्तीचे. एकच विक्री दोन सेल्समनच्या नावावर चढली होती. त्याबद्दल कुणाचाही फोन आला नव्हता आणि येणारही नव्हता, कारण ज्याच्या खात्यात जास्त पडतं तो विचारायला येत नाही. दुबार झालेलं आपणच शोधावं लागतं.

दुसरा प्रश्न असा, की विक्रीतल्या कोणत्या ओळींना मास्टर यादीत जोडीदारच नाही?

```sql
SELECT COUNT(*), SUM(s.amount)
FROM sales s
LEFT JOIN shop_master m ON m.shop_code = s.shop_code
WHERE m.shop_code IS NULL;
```

उत्तर आलं ८४ ओळी, २,१४,७६० रुपये. ही सगळी विक्री चार दुकानांची होती. वितरकाच्या अगदी सुरुवातीच्या या घाऊक गिऱ्हाइकांचे कोड शून्याने सुरू होत होते. कुणीतरी मास्टर यादीची सीएसव्ही फाइल एक फोन नंबर बदलायला एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली. एक्सेलने कोडला संख्या समजून पुढचं शून्य काढून टाकलं. विक्रीत `0417` आणि यादीत `417`. माझा जॉइन `INNER JOIN` होता, आणि जोडीदार नसलेली ओळ तो मुकाट्याने सोडून देतो. घाऊक गिऱ्हाइकं असल्यामुळे ओळी थोड्या पण रक्कम मोठी, म्हणून एकूण आकडा घटला.

आता ताळा बघा. १८,६४० मध्ये ९६ मिळवा, ८४ वजा करा, १८,६५२ येतात. रकमेतही तेच करा, २,२९,९३,४९५.५० येतात. एक रुपयाही समजल्याशिवाय राहिला नाही. फरक सापडला की मी इथपर्यंत जातेच, कारण 'दुबार नोंदी होत्या, काढल्या' एवढ्यावर थांबले असते तर सियागंजवाले आजोबा पुढच्या महिन्यातही यादीबाहेर राहिले असते. त्या महिन्यात दुबार आणि गळालेल्या ओळी योगायोगाने सारख्या असत्या, तर ओळींचा आकडा बरोबर १८,६४० आला असता. म्हणून जॉइननंतर नुसती एकूण मोजणी पुरत नाही. जोडीदार नसलेल्या ओळी आणि दोन जोडीदार मिळालेल्या ओळी वेगळ्या मोजायच्या, आणि दोन्ही शून्य आल्या पाहिजेत.

पायथॉनच्या पांडाजमध्ये हे काम करणाऱ्या मुलांना मी `merge` करताना `validate="many_to_one"` लिहायला सांगते. यादीत कोड दुबार असेल तर काम तिथेच अडतं. पण गळालेल्या ओळी त्याने पकडल्या जात नाहीत, त्यासाठी `how="left"` आणि `indicator=True` देऊन `left_only` किती आल्या ते पाहावं लागतं.

दर पायरीला मोजायची सवय मी खरं तर घरात पाहिली होती. आमचे आबा छावणीतल्या एका धान्याच्या पेढीवर हिशेब लिहायचे. रामबागेतल्या घरी ते कधीकधी वही घेऊन यायचे. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर तीच बेरीज पुन्हा, वेगळ्या ओळीत, जरा ठळक अक्षरात. महिनाअखेरीला रोकड जुळली नाही की आबा सगळी वही वाचत नसत. पानांच्या बेरजा तपासत जात, आणि जिथे गाडी अडे तेवढं एकच पान उघडून बसत. माझ्या पायऱ्यांचा तक्ता म्हणजे तीच पानं. शेवटी फक्त एकूण रक्कम पाहिली तर कुठेतरी चूक आहे एवढं कळतं, तेही दोन चुकांनी एकमेकींना झाकलं नसेल तर.

ओळी आणि रक्कम दोन्ही का, असंही पुष्कळ जण विचारतात. कारण दोघी वेगळ्या चुका पकडतात. `"1,250.00"` असा स्वल्पविराम असलेला मजकूर संख्येत बदलताना `NULL` झाला तर ओळ जागेवर राहते, मोजणी तंतोतंत जुळते, आणि `SUM` ते `NULL` सोडून पुढे जातो. तिथे फक्त रक्कम बोलते. उलट शून्य रुपयांची मोफत मालाची ओळ गळाली तर रक्कम हलत नाही, तिथे ओळ बोलते. मोजताना `COUNT(*)` लिहायचं. `COUNT(amount)` रिकाम्या रकमेची ओळ मोजत नाही. आणि रक्कम `NUMERIC` प्रकारात ठेवायची. `FLOAT` मध्ये बेरजेच्या शेवटी पैशांचा फरक पडू शकतो, मग 'थोडंफार चालतं' अशी सवय लागते आणि त्या थोड्याफारात खरी चूक लपते.

बीटवार बेरजा काढल्यावर ओळी कमी होणारच, तो त्या पायरीचा उद्देशच आहे. तिथे रक्कम तीच राहिली पाहिजे, आणि नव्या ओळींची संख्या आधीच्या टेबलातल्या वेगवेगळ्या बीटांइतकी असली पाहिजे. पांडाजचं `groupby` बीट रिकामी असलेल्या ओळी न सांगता सोडून देतं, त्याला `dropna=False` सांगावं लागतं. एसक्यूएल त्या ओळींचा वेगळा गट ठेवतं. याच फरकामुळे एकदा एका सहकाऱ्याचा आणि माझा आकडा जुळेना, आणि आम्ही दोघं दुपारभर एकमेकांचं फिल्टर तपासत बसलो होतो.

एवढं सगळं जुळूनही एक चूक शिल्लक राहू शकते. एका दुकानाची विक्री दुसऱ्या दुकानाच्या नावावर गेली तर ओळी तेवढ्याच, रक्कम तेवढीच. म्हणून शेवटी मी दुकानवार बेरीज दोनदा काढते, एकदा मूळ विक्रीतून कोडप्रमाणे आणि एकदा तयार अहवालातून, आणि ज्यांच्यात फरक आहे तेवढेच कोड छापते. त्या महिन्यासाठी ही तुलना पहिल्यांदा चालवली तेव्हा सात कोड आले, हद्द बदललेली तीन दुकानं आणि शून्य हरवलेली चार. मास्टर यादी दुरुस्त करून पुन्हा चालवली तेव्हा पडद्यावर एकही कोड आला नाही. मग मी सियागंजात फोन लावला आणि आजोबांना त्यांच्या सुटीचा आकडा सांगितला. त्यांनी तो आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहीपर्यंत मी फोन धरून थांबले होते.