‘विनापरवानगी गैरहजर’ हे शब्द खोडले तेव्हा

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. ऐंशीएक कामगार, पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायचं काम. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं ते एका पत्रावर नजर टाकायला. पत्र टाइप झालं होतं, फक्त सही बाकी होती. बाहेरून कामगार कायद्याचा सल्ला देणाऱ्याला बहुतेक वेळा असंच शेवटच्या क्षणी बोलावतात.

पत्रात मजकूर दोनच वाक्यांचा होता: ‘आपण दि. ११ जानेवारी २०२१ पासून आजतागायत विनापरवानगी गैरहजर आहात. वारंवार कळवूनही रुजू न झाल्याने आपली सेवा आजपासून संपुष्टात आणण्यात येत आहे.’ ज्याला ते जाणार होतं तो ऑपरेटर ४६ वर्षांचा. पक्षाघाताने उजवा हात गेलेला, बोलणं अडखळतं. व्यवस्थापक म्हणाले, “अहो, एकवीस महिने झाले. किती दिवस नाव मस्टरवर ठेवायचं?” प्रश्न रास्त होता. घोळ उत्तराच्या शब्दांत होता.

मी आधी फाइल मागितली. त्यात ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, दवाखान्याची वैद्यकीय प्रमाणपत्रं ओळीने लावलेली होती. त्याच्या पत्नी दर वेळी आणून देत होत्या आणि टाइम ऑफिस शिक्का मारून घेत होतं. त्याच फाइलमध्ये ईएसआय कार्यालयाकडून आलेल्या फॉर्म १० च्या प्रतीही होत्या. कामगार आजारपणाचा लाभ मागतो तेव्हा तो त्या दिवसांत खरंच कामावर नव्हता ना, हे कार्यालय मालकाकडून पडताळून घेतं, तो हा फॉर्म. कंपनीने प्रत्येक वेळी लिहून दिलं होतं की हा माणूस आजारपणामुळे कामावर नाही. आता तीच कंपनी त्याला विनापरवानगी गैरहजर म्हणणार होती. कामगार न्यायालयात समोरच्या वकिलाला यापलीकडे काही दाखवायची गरजच नव्हती.

या शब्दांची दुसरी अडचण जास्त खोल आहे. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या सरकारी नमुना-नियमांत, दहा दिवसांपेक्षा जास्त सलग विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन धरलेलं आहे. म्हणजे हा शब्द वापरला की पत्र आजाराचं राहत नाही, शिक्षेचं होतं. शिक्षेला आरोपपत्र लागतं, खातेनिहाय चौकशी लागते, आणि चौकशीत प्रमाणपत्र पुढे आलं की आरोप तिथेच संपतो. चौकशी न करता काढलं तर महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्याखाली नव्वद दिवसांत तक्रार होते. त्याच्या चौथ्या अनुसूचीत उघडउघड खोट्या कारणाने किंवा अवाजवी घाईने काढणं ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. आजार हा दोष नाही. ज्या पत्रात दोषाचा सूर लागतो ते कायद्यातही टिकत नाही.

मग मी तारखेकडे वळलो. ईएसआयचा आजारपणाचा साधा लाभ वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यापुढे ठरावीक दीर्घ आजारांच्या यादीत, आणि पक्षाघात त्या यादीत येतो, ८० टक्के दराचा वाढीव लाभ दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. या कामगाराची मंजुरी जानेवारी २०२३ पर्यंत होती. तेव्हा लागू असलेल्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ सांगत होतं की आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला कमी करू नये, आणि त्या काळात दिलेली नोटीसही ग्राह्य नाही. ईएसआयच्याच विनियम ९८ मध्ये ठरावीक महिन्यांच्या सलग उपचारानंतर, सेवाशर्ती परवानगी देत असतील तर, रीतसर नोटीस देऊन कमी करण्याची वाट होती. ती वाट मी वापरू दिली नाही. तिथे महिने मोजण्यावरून आणि सेवाशर्तींच्या अर्थावरून वाद घालता येतो. लाभाचे दिवस संपले की तो वाद उरतच नाही. तीन महिने थांबण्याचा खर्च जवळपास शून्य होता, कारण त्याला पैसे ईएसआय देत होतं.

“मग तोपर्यंत हलकं काम देऊन पाहू,” असं उत्पादन प्रमुख म्हणाले. मन चांगलं, सल्ला चुकीचा. ज्या दिवशी कामगार काम करतो किंवा वेतन घेतो त्या दिवसाचा लाभ बुडतो, आणि ईएसआय डॉक्टरांचं कामावर जाण्याचं प्रमाणपत्र नसताना त्याला यंत्रांच्या आवारात आणणं ही वेगळीच जोखीम. दुसऱ्याने राजीनाम्याची युक्ती सुचवली. उजवा हात चालत नाही, धड बोलता येत नाही, अशा माणसाच्या डाव्या अंगठ्याचा राजीनामा कोणतं न्यायालय स्वखुशीचा मानेल? शिवाय राजीनामा म्हणजे अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा त्याच्याच हाताने कमजोर करणं. तो पुढचा मुद्दा.

जानेवारीत लाभ संपल्यावर खरी कामं सुरू झाली. लाभ संपला आणि निर्णय अजून व्हायचा आहे, या मधल्या दिवसांत घरात एक रुपया येत नाही, ही सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी जागा. तिथे शिल्लक रजा आधी लावली, उरलेले दिवस कंपनीने भरपगारी धरले.

वैद्यकीय तपासणीला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवलं. सोबतच्या पत्रात ‘फिट आहे की अनफिट’ असं विचारलं नाही, कारण त्याला उत्तर एका शब्दाचं येतं आणि तो शब्द कशाबद्दल आहे हे कुणालाच सांगता येत नाही. आम्ही कामाचं वर्णन दिलं: आठ तास उभं राहणं, बारा किलोपर्यंतचे साचे उचलणं, आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बटणं दाबून प्रेस चालवणं. ही दोन बटणांची रचना हात साच्याबाहेर राहावेत म्हणूनच असते, त्यामुळे एका हाताने ती चालवायची सोय करून देणं म्हणजे सुरक्षाच काढून टाकणं. प्रश्न तीन विचारले: हे काम करता येईल का, येत्या सहा महिन्यांत तशी शक्यता आहे का, आणि बसून करायचं तपासणीचं किंवा गेट नोंदवहीचं काम जमेल का. तिसरा प्रश्न मुद्दाम. पर्यायी काम पाहिलं नाही असं उद्या कुणी म्हणू नये, आणि जमत असेल तर नोकरी वाचावी. अहवालात तिन्हींची उत्तरं नकारार्थी आली. उजव्या हाताची पकड नव्हती, आकडे वाचता येत होते पण लिहिता येत नव्हते.

हाच कामगार सरकारी आस्थापनेत असता तर असं पत्र निघालंच नसतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०(४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरी जागा द्यावी लागते, जागा नसेल तर अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी जादा निर्माण केलेलं, पद. खासगी कारखान्याला ते कलम तसं लागू होत नाही.

आता पैसे. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘सततच्या अनारोग्यामुळे’ केलेली सेवासमाप्ती कपात, म्हणजे रिट्रेंचमेंट, धरली जात नव्हती. म्हणून कलम २५फ ची भरपाई देणं बंधनकारक नव्हतं. पण ‘सततचं अनारोग्य’ उद्या सिद्ध झालं नाही, तर तीच समाप्ती कपात ठरते, आणि त्याच वेळी भरपाई दिलेली नसेल तर ती मुळातच रद्द होते. कामगार मागच्या वेतनासह परत. म्हणून मी दोन्ही द्यायला सांगितलं: एक महिन्याच्या नोटिशीऐवजी २०,६०० रुपये, आणि पूर्ण सेवेसाठी वर्षाला पंधरा दिवस, म्हणजे १०,३०० गुणिले १२, एकूण १,२३,६०० रुपये. कपात झाल्याचं कबूल न करता, सानुग्रह म्हणून.

ग्रॅच्युइटीत लेखा विभागाने आजारपणाचे महिने वगळून दहा वर्षं धरली होती. तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्यात आजारपणाने सेवेत खंड पडत नव्हता. १ जुलै २०११ ते २८ फेब्रुवारी २०२३ म्हणजे अकरा वर्षं आठ महिने. सहा महिन्यांहून जास्त असलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून बारा. मूळ पगार आणि महागाई भत्ता १८,२०० रुपये, भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२: एकूण १,२६,००० रुपये. चूक २१,००० ची होती. ही रक्कम कामगाराने अर्ज केला नाही तरी मालकाने स्वतः ठरवून तीस दिवसांत द्यायची असते.

शेवटी पत्र असं झालं: ‘आपण दीर्घ आजारामुळे दि. ११ जानेवारी २०२१ पासून कामावर येऊ शकला नाहीत. आपली प्रमाणपत्रं आमच्याकडे आहेत. शल्यचिकित्सकांच्या अहवालानुसार आपलं सध्याचं काम आपल्याला करता येणार नाही, आणि पर्यायी कामाचाही विचार आम्ही केला. या कारणाने आपली सेवा दि. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी समाप्त होत आहे. यात आपल्या वर्तनाचा कोणताही प्रश्न नाही. खालील रकमा सोबत देत आहोत.’ आजाराचं नाव कुठेही नाही. अहवाल फक्त वैयक्तिक फाइलमध्ये, पाकीट बंद. पहिल्या मसुद्याच्या तळाशी ‘प्रत: सर्व विभागप्रमुख’ असं होतं, ते खोडलं.

व्यवस्थापक पत्र घेऊन स्वतः घरी गेले. पत्नी समोर असताना मोठ्याने वाचलं. धनादेश आधी हातात दिले, पोचपावतीवर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि पत्नीची सही घेतली. ‘माझी काहीही मागणी उरलेली नाही’ हे छापील वाक्य पावतीवरून काढून टाकलं होतं. पैसे मिळण्याची अट म्हणून ते सही करून घेतलं की पुढे दबावाचा पुरावा होतो.

त्याच दुपारी पगार लिपिकाने भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर सेवा सोडल्याची तारीख भरली आणि सवयीने कारण निवडलं ‘सेसेशन’, म्हणजे नुसती सेवा संपणं. योगायोगाने मी शेजारी उभा होतो. त्याच यादीत ‘पर्मनंट डिसेबलमेंट’ हा वेगळा पर्याय असतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मध्ये नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलेल्या सदस्याला निवृत्तिवेतन मिळू शकतं, दहा वर्षांची अट न लागता, मात्र निधी कार्यालयाच्या वैद्यकीय मंडळाने तपासून मान्य केल्यावर. कारण चुकीचं गेलं असतं तर दाव्याच्या आधी दुरुस्तीसाठीच पत्रव्यवहार सुरू झाला असता. कारण बदललं, निवृत्तिवेतनाच्या दाव्याच्या फॉर्म १०-डी ला अहवालाची प्रत जोडली, आणि कंपनीच्या पत्रात अहवालातलेच शब्द वापरले, एकही वाढवला नाही. मंडळाने काय ठरवायचं ते मंडळाचं. कंपनीने ‘संपूर्ण अपंग’ असं स्वतःहून लिहिणं चुकीचंच ठरलं असतं.

नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. आज असं पत्र लिहायला बसलात तर वरच्या कलमांचे आकडे आणि वेतनाची नवी व्याख्या आधी पडताळून घ्या, ग्रॅच्युइटीचा हिशेब तिच्यावर हलतो.

सेवेचा दाखला आठवड्याने दिला. त्यात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि सेवा संपल्याची तारीख, एवढंच.