गोल चट्टा म्हणजे गजकर्णच असतं असं नाही

स्किन ओपीडीत गजकर्णाचे पेशंट रोजचेच, पण या बाईंची केस माझ्या डोक्यात राहिली. उजव्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या गाठींच्या जरा वर एक गोल कडं होतं, पायाच्या घोट्यापाशी अजून एक लहान. कित्येक महिने फंगसची क्रीम लावून झाली, मध्ये गोळ्यांचा कोर्सही झाला, कडं मात्र हळूहळू मोठंच होत होतं. आणि घरात यांचा टॉवेल वेगळा, लहान मुलीला जवळ घ्यायचं नाही, हे सगळं गजकर्ण समजून!

मी आधी खाज येते का विचारलं, तर म्हणाल्या "नाही हो डॉक्टर, काहीच होत नाही". मग कडेवरून बोट फिरवलं. गजकर्णाची कड बहुतेक वेळा खरखरीत लागते, बारीक कोंडा निघतो, कारण ती बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या थरात वाढते. इथे कड गुळगुळीत होती, चमडी ताणून धरली तर माळेतल्या मण्यांसारखे छोटे टणक फोड एकाला एक लागून दिसत होते, रंग जवळपास त्वचेचाच, किंचित गुलाबी. स्पर्शाची जाणीवही नीट होती, कुष्ठरोगाच्या चट्ट्यात ती कमी होऊ शकते म्हणून ते मी अशा प्रत्येक चट्ट्यात तपासतेच.

ग्रॅन्युलोमा ॲन्युलारेची, म्हणजे बुरशीशिवाय त्वचेच्या खालच्या थरातल्या दाहाने अशी कडी उठवणाऱ्या आजाराची शंका तिथेच आली, पण अडचण अशी की त्यांनी मध्ये स्टेरॉइड मिसळलेली ट्यूबही लावलेली आणि स्टेरॉइडने गजकर्णाचा कोंडा आणि खाज दोन्ही दबतं, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर निर्धास्त राहता येत नाही. कड खरवडून केओएच टेस्ट केली, म्हणजे ती खरवड मायक्रोस्कोपखाली पाहिली, फंगस दिसली नाही, पण फंगसचं औषध चालू असताना निगेटिव्ह आलेल्या टेस्टवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. म्हणून सगळ्या ट्यूब बंद करून दोन आठवड्यांनी बोलावलं. आत बुरशी असती तर एवढ्यात सहसा लाल होऊन खाजायला लागली असती.

आल्या तेव्हा कडं होतं तसंच, ना कोंडा ना खाज. केओएच पुन्हा निगेटिव्ह. त्यांना खात्री हवी होती म्हणून कडेचा छोटा तुकडा बायोप्सीला पाठवला. रिपोर्टमध्ये वरचा थर जवळपास नॉर्मल, खालच्या थरात बिघडलेलं कोलॅजन, त्याभोवती कुंपणासारख्या उभ्या राहिलेल्या पेशी आणि म्युसिन नावाचा चिकट पदार्थ. म्हणजे ग्रॅन्युलोमा ॲन्युलारेच. वरून लावलेलं फंगसचं औषध इथे काय करणार, दाह खाली आणि बुरशी मुळातच नाही!

हा आजार संसर्गजन्य नाही हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुलीचा, "मग तिला जवळ घेऊ ना?" घ्या म्हटलं, आजपासूनच. उपचारांचं म्हणाल तर एक-दोन जागी असलेलं हे कडं बऱ्याच जणांत दोनेक वर्षांत आपोआप जातं, कधीकधी त्याच जागी परतही येतं. कडेत स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, पण तिथली चमडी पातळ होऊन खड्डा पडू शकतो हेही सांगितलं. त्यांनी इंजेक्शन नको म्हणून सांगितलं. मीही आग्रह केला नाही, फक्त अंगभर नवीन कडी उठायला लागली तर लगेच दाखवा म्हटलं.