‘मिळणार नाहीत’ ओळीच्या टोकाला

“तुम्ही म्हणता उपशीर्षकं द्या, परिच्छेद तोडा, याद्या करा. पण तसं केलं की बारीक अटी गळतात, आणि नाही केलं तर कोणी वाचत नाही. मग तुम्ही करता काय?”

हा प्रश्न वेबसाइटसाठी मजकूर लिहिणाऱ्या एका वाचकाचा. आधी माझी चूक सांगते, कारण उत्तर मला तिथेच मिळालं.

गोव्यातल्या छोट्या होमस्टेंसाठी मी मराठीत मजकूर लिहिते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुण्याकडून घाट उतरून येणारी मंडळी तो वाचतात, बहुतेक फोनवर आणि बहुतेक घाईत. फोंड्याजवळ एका काकींची तीन खोल्यांची जागा आहे. खोली रद्द केली तर काय, हे त्यांनी मला तोंडी सांगितलं होतं आणि मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं:

“येण्याच्या सात दिवस आधीपर्यंत खोली रद्द केली तर आगाऊ दिलेले सगळे पैसे परत, त्यानंतर तीन दिवस आधीपर्यंत निम्मे, आणि त्याहून उशीर झाला तर काही मिळणार नाही. मात्र २४ डिसेंबर ते २ जानेवारी या दिवसांना हे लागू नाही; तेव्हा ती खोली दुसऱ्या कोणी घेतली तरच पैसे परत करू. शेवटच्या तीन दिवसांत पावसाने घाट बंद झाला तर पैसे मिळणार नाहीत, पण सहा महिन्यांत दुसरी तारीख घेता येईल. दुसऱ्या वेबसाइटवरून खोली घेतली असल्यास तिथले नियम.”

वाचायला गचपण आहे, पण यात एकही शब्द फुकट नाही. मी त्याची यादी केली:

- ७ दिवस आधीपर्यंत: पूर्ण पैसे परत
- ३ दिवस आधीपर्यंत: निम्मे पैसे परत
- त्यानंतर रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत
- २४ डिसेंबर ते २ जानेवारी: खोली दुसऱ्याने घेतल्यास पैसे परत
- घाट बंद असल्यास दुसरी तारीख

दिसायला सुबक. काकीही खूश झाल्या. डिसेंबरात एका कुटुंबाने २९ तारखेची खोली १८ तारखेला रद्द केली आणि फोन केला, “अकरा दिवस आधी कळवलंय, पहिल्याच ओळीत लिहिलंय तुमच्या.” त्यांचं बरोबर होतं. चौथी ओळ त्यांनी वाचलीही होती, आणि तिचा अर्थ त्यांनी असा लावला होता की नाताळात उशिरा रद्द केलं तरी एक जादा सोय आहे. काकींनी पैसे परत केले. खोली मात्र २९ तारखेला रिकामी राहिली.

गळला होता एक ‘मात्र’. परिच्छेदात त्या शब्दाने सांगितलं होतं की पुढचं वाक्य मागचं रद्द करतं. यादीत ठिपक्याखाली ठिपका आला की डोळा ते सगळे सारख्या वजनाचे आणि एकाच वेळी खरे धरतो. ‘मात्र’, ‘तरच’, ‘सोडून’, ‘असल्यास’ यांना ठिपक्यांमध्ये जागाच उरत नाही. शिवाय ‘दुसऱ्या वेबसाइटवरून’ हे शेवटचं वाक्य मी सरळ विसरले होते, कारण ते यादीत कुठे बसत नव्हतं.

तुम्ही जो सल्ला ऐकता तो १९९७ च्या एका प्रयोगातून बराचसा आला आहे. वेबवर लोक कसं वाचतात हे तपासणारे याकोब नील्सन आणि जॉन मॉर्क्स यांना आढळलं की नवं पान समोर आलं की ७९ टक्के लोक नुसती नजर फिरवतात आणि शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्केच असतात. मग त्यांनी पर्यटनाचा एकच मजकूर पाच तऱ्हांनी लिहून लोकांपुढे ठेवला. त्यात यादी केलेला मजकूर परिच्छेदापेक्षा ४७ टक्के सरस ठरला. खरं आहे ते. पण तो मजकूर होता अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या प्रेक्षणीय स्थळांचा: हे उद्यान, ते संग्रहालय, तिथे इतके लोक गेले. एक स्थळ दुसऱ्याला रद्द करत नाही. अशा गोष्टींची यादी करा, काही सांडत नाही. काकींचे नियम तसे नाहीत, ते एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत.

म्हणून आता मी तोडायच्या आधी मजकूर कागदावर काढते आणि सांधणाऱ्या शब्दांभोवती गोल करते. काकींच्या परिच्छेदात ‘मात्र’, ‘लागू नाही’, ‘तरच’, ‘पण’, ‘असल्यास’ असे पाच गोल पडले. प्रत्येकाला एकच विचारायचं: तू कोणाला लटकला आहेस? ‘असल्यास’ सगळ्या नियमांना लटकला होता, म्हणजे तो शेवटी नव्हे, सगळ्यांत वर हवा. ज्यांना बाकीचं लागूच नाही त्यांना पहिल्या ओळीतच मोकळं करायला हवं. ‘मात्र’ अख्ख्या यादीला लटकला होता, म्हणून तो ठिपका होऊच शकत नाही. त्याला स्वतःचं उपशीर्षक हवं, आणि तेही यादीच्या आधी. ‘पण’ मात्र फक्त शेवटच्या तीन दिवसांना चिकटलेला होता, म्हणून तो त्याच ठिपक्याच्या पोटात गेला. असं झालं ते:

खोली रद्द केली तर

हे नियम थेट आमच्याकडून खोली घेतलेल्यांसाठी आहेत. दुसऱ्या वेबसाइटवरून घेतली असेल तर तिथले नियम लागतात.

२४ डिसेंबर ते २ जानेवारी: वेगळा नियम

या दिवसांतली खोली कितीही आधी रद्द केली तरी, ती दुसऱ्या कोणी घेतली तरच पैसे परत करतो.

वर्षातले बाकीचे दिवस

येण्याच्या तारखेच्या किती दिवस आधी कळवता, त्यावर रक्कम ठरते:

- ७ किंवा जास्त दिवस आधी: सगळे पैसे परत
- ३ ते ६ दिवस आधी: निम्मे पैसे परत
- त्याहून उशिरा: काही परत नाही. पावसाने घाट बंद झाल्यामुळे येता आलं नाही, तर सहा महिन्यांत दुसरी तारीख

शब्द कमी झाले नाहीत, उलट थोडे वाढले, हे बघा. डोळ्याला सोपं करणं म्हणजे काटछाट, अशी माझीही समजूत होती. इथे फक्त प्रत्येक अट तिच्या धन्यापाशी नेऊन बसवली.

यादीच्या आधीची ओळ अनेक जण भरतीची समजून गाळतात. ती गाळली की ‘७ दिवस आधी’ म्हणजे कशाच्या आधी हा प्रश्न उरतो. कागदपत्रांच्या यादीत तर तीच ओळ सगळं ठरवते. ‘यांपैकी कोणतंही एक’ की ‘हे सगळं’, हे ठिपके स्वतः कधी सांगत नाहीत.

आता मराठीची एक खोड. आपलं क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही शेवटी. घाईतला डोळा डाव्या कडेने खाली उतरत प्रत्येक ओळीचे पहिले दोनतीन शब्द उचलतो. माझ्या पहिल्या यादीत तिसरी ओळ ‘रद्द केल्यास पैसे परत’ इथपर्यंत दिसली की माणूस पुढे गेला. ‘मिळणार नाहीत’ फोनवर दुसऱ्या ओळीत पडलं होतं. त्यामुळे सल्ल्यांमधलं ‘महत्त्वाचं आधी लिहा’ मराठीत नुसतं शब्द हलवून जमत नाही, वाक्यच मोडावं लागतं. अट आधी ठेवायची, ती आपल्याकडे तशीही आधीच येते आणि वाचकाला आपली ओळ सापडायला बरी पडते. मग विसर्गासारखे ते दोन टिंब, आणि लगेच निकाल: ‘काही परत नाही’. व्याकरणाच्या बाईंना हे वाक्य वाटणार नाही. यादीत चालतं.

उपशीर्षकांबद्दल एवढंच, की पुष्कळ वाचक तेवढंच वाचून निघून जातात. ‘महत्त्वाची सूचना’ वाचून त्यांना काही कळत नाही, आणि ‘पूर्ण पैसे परत!’ वाचून नको ते कळतं. अट शीर्षकात मावत नसेल तर शीर्षकाने वचन देऊ नये. ‘वेगळा नियम’ एवढं म्हटलं की माणूस थांबून खाली बघतो. आणि शीर्षक खरं शीर्षक असू द्या, नुसता ठळक मजकूर नको:

```html
<p><strong>वर्षातले बाकीचे दिवस</strong></p>
<h3>वर्षातले बाकीचे दिवस</h3>
```

डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखेच दिसतील. पण पान ऐकून वापरणारा माणूस NVDA या पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये H दाबत शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारतो, आणि पहिली ओळ त्याच्या हाताला लागतच नाही.

काही मजकूर मी आता तोडतच नाही. काकींच्या जेवणाच्या पानावर मी एकदा ‘मासळी मिळते’, ‘श्रावणात शाकाहारी’, ‘चवथीला जेवण नाही’ असे तीन ठिपके केले होते. त्यावर फोन सुरू झाले: श्रावणात आम्ही बाहेरून मासे आणले तर चालतील का? मूळ परिच्छेदात काकींनी कारण सांगितलं होतं, की घरचं आणि पाहुण्यांचं जेवण एकाच स्वयंपाकघरात होतं. ते एक वाक्य परत आणलं, निकाल आधी आणि कारण मागोमाग असा तीन वाक्यांचा परिच्छेद केला, आणि ते फोन थांबले. कारणाला ठिपका मानवत नाही. ‘म्हणून’ कुठे बसवणार?

पान झालं की मी माझ्या भाच्याला फोन देते. कसं वाटलं हे विचारत नाही. कडेचे प्रश्न विचारते: ३० डिसेंबरला यायचंय, पंधरा दिवस आधी रद्द केलं, किती मिळतील? बरोबर सहा दिवस उरलेत, किती? त्याचा अंगठा कुठे थांबतो ते बघते. उत्तर बरोबर आलं पण अंगठा दोनदा वर गेला, तर तो भाग मी पुन्हा लिहायला घेते.

काकींचं पान त्याने पहिल्या फेरीत पार केलं. मग त्यानेच उलट विचारलं, “आणि डिसेंबरातच घाट बंद झाला तर?” मी परिच्छेद काढून पाहिला. तिथेही नव्हतं, लांबलचक वाक्यांत ते भोक इतके दिवस कोणाला दिसलं नव्हतं. काकींना फोन केला.

“डिसेंबरात खंयचो पावस गो?” त्या हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “दरड पडली तरी बंद होतो म्हणा. थांब, विचार करून सांगते.”

त्या अजून विचार करताहेत. तोवर तिथे ‘घाट बंद असेल तर आधी फोन करा’ अशी एक ओळ मी टाकून ठेवली आहे.