साठास चाळीस

‘मला वर्षाला बारा टक्क्यांहून जास्त चढउतार झेपत नाही. मग सगळे शेअर विकून कमी हलणारे घेऊ का?’

नको. शेअर आहेत तेच राहू द्या, फक्त त्यांचा वाटा कमी करा.

समजा, तुमच्या पोर्टफोलिओचा वार्षिक चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 20 टक्के आहे आणि अपेक्षित परतावा 10 टक्के. ठेवीवर 4 टक्के मिळतात. ठेव हलतच नाही, त्यामुळे मिश्रणात जो काही चढउतार येतो तो सगळा शेअरांचा, आणि तोही त्यांच्या वाट्याइतकाच. 12 ला 20 ने भागा: 60 टक्के शेअर, 40 टक्के ठेव. परतावा 6 अधिक 1.6, म्हणजे 7.6 टक्के. वाटा बदलत गेलात की असे बिंदू एका सरळ रेषेवर पडतात. तीच भांडवल वाटप रेषा. आपल्या या रेषेवर चढउताराच्या प्रत्येक टक्क्यामागे 0.3 टक्का जादा परतावा मिळतो.

आता तुमचे ‘कमी हलणारे’ शेअर घ्या. त्यांचा चढउतार 12 आणि परतावा 6.4 टक्के असेल, तर तेवढ्याच धडधडीला वर्षाला 1.2 टक्का कमी. अर्थात त्यांनी 7.6 च्या वर दिले, तर माझा सल्ला उलटा. तेव्हा तेच घ्यावेत. अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी 1958 साली हे दोन निर्णय वेगळे करून दाखवले: कोणता पोर्टफोलिओ हा एक, त्यात किती हा दुसरा.

रेषा सरळ असली तरी 20 हा आकडा खात्रीचा नसतो. मी एकदा शांत गेलेल्या दोन वर्षांवरून तो 15 धरला आणि वाटा 80 टक्के ठेवला. बाजार बिथरला तेव्हा शेअर 30 ने हलायला लागले आणि माझं मिश्रण 24 ने. मागे पाहिलं तर चूक आधीच दिसायला हवी होती. आता ठेवीसकट पूर्ण मिश्रणाच्या मासिक परताव्यांचं प्रमाण विचलन काढून ते वार्षिक करायला त्याला बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण 3.46 ने, गुणतो आणि लक्ष्याशी ताडून पाहतो. बाराने गुणणारेही भेटतात, पण ते चूक.

वाटा आपोआपही सरकतो. शेअर वर्षात 50 टक्के वाढले, तर 60 चे 90 होतात, ठेव 40 ची 41.6. शेअरांचा वाटा 68 टक्क्यांवर जातो आणि चढउतार पावणेचौदाच्या आसपास. मग थोडे शेअर विकून ठेवीत टाकायचे.

आणि 20 च्या पुढचा चढउतार हवा असेल तर कर्ज काढून शेअर घ्यावे लागतात. कर्ज 7 टक्क्यांनी मिळालं तर रेषा तिथे मोडते आणि पुढच्या प्रत्येक टक्क्याला 0.3 ऐवजी 0.15 च मिळतो. बारावर थांबणाऱ्या तुम्हाला त्या वळणाशी कर्तव्य नाही.