पाच लिटरची घागर, दोन लिटरची किंमत

तांबट आळीत तांब्याची भांडी विकणाऱ्या एका दुकानाच्या मालाच्या जाहिराती गुगलवर दिसायला हव्या होत्या. त्यासाठी मर्चंट सेंटरमध्ये मालाची यादी, म्हणजे फीड, चढवावं लागतं. मालकांच्या पुतण्याने त्यात बारकोडचे आकडे मनाने भरून ठेवले होते. हाताने ठोकलेल्या घागरीला कुठला आलाय बारकोड? ते पुसून मी `identifier_exists`, म्हणजे बारकोडसारखी ओळख आहे का, या रकान्यात `no` टाकलं.

दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त माल नामंजूर. कारण, किंमत जुळत नाही. साइट बनवणारा म्हणाला, "उघडून बघा ना, बरोबर दिसतेय." आणि दिसत होतीच. पाच लिटरवर क्लिक केलं की ४,६०० यायचे, फीडमध्येही तेवढेच. साइटवाल्यांची ही जुनी खोड: स्वतःच्या फोनवर बरोबर दिसलं की विषय संपला.

मग नामंजूर यादी मापाप्रमाणे लावून पाहिली. घागर असो वा बंब, प्रत्येकाचं सगळ्यात लहान माप मंजूर होतं, बाकीची मापं लाल. तिथेच शंका आली. पाच लिटरची लिंक उघडून पानाचा सोर्स पाहिला:

```json
"offers": {
  "@type": "Offer",
  "price": "2400.00",
  "priceCurrency": "INR"
}
```

हे दोन लिटरचे पैसे. पान कुठल्याही मापाच्या लिंकने उघडा, आधी लहान मापच निवडलेलं यायचं आणि क्लिक केल्यावरच किंमत बदलायची. गुगलचा बॉट येऊन माप निवडत बसत नाही. त्याने २,४०० वाचले, फीडमधल्या ४,६०० शी ताडून पाहिले आणि माल बाजूला काढला. गिऱ्हाईकही जाहिरातीत एक भाव बघून आत दुसराच पाहणार होतं, तेव्हा बॉटचं काही चुकलं नव्हतं.

उपाय साइटवरच करायचा होता. प्रत्येक मापाची `link` वेगळी, त्या लिंकने पान उघडताच तेच माप निवडलेलं आणि सोर्समध्येही त्याचीच किंमत. एका वस्तूची सगळी मापं एकाच `item_group_id` खाली. हे होईपर्यंत मालक म्हणत होते, "सगळ्यांना २,४०० टाका, लोक क्लिक तरी करतील." याला मी साफ नकार दिला. खोट्या किमतीपायी अख्खं खातं बंद पडू शकतं.

आता माल मंजूर आहे, पण तांब्याचा भाव हलला की मालक सकाळीच साइटवरच्या किमती बदलतात, आणि फीड रात्री उचललं जातं. पानावरची किंमत बघून गुगल आपोआप दुरुस्ती करतं खरं, पण ती अधूनमधल्या चुकांसाठी असते. सगळा माल वारंवार चुकला तर तिच्या भरवशावर राहता येत नाही. किमती बदलल्या की फीड लगेच पुन्हा उचलायला लावायचं, हे पुतण्याला शिकवलंय. तो विसरला की घागरी परत लाल होतात आणि फोन मला येतो.